बोधकथेचं तात्पर्य आधी सांगावं की शेवटी?

"परिपाठात तीन मिनिटं मिळतात. पंचतंत्रातली सिंह आणि सशाची गोष्ट घेतली, तर तात्पर्य आधी सांगावं की शेवटी?"

शेवटीच, आणि शक्यतो मुलांच्या तोंडून. 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' हे पहिल्याच वाक्यात सांगितलं की विहिरीपर्यंत ऐकायला कोणी उरत नाही. मी एकदा ही गोष्ट सांगितली तेव्हा फळ्यावर सुविचार होता 'नेहमी खरे बोलावे'. गोष्ट संपल्यावर दुसरीतल्या एका मुलीने विचारलं, "पण ससा खोटं बोलला ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागच्या रांगेतले सर मात्र खुशाल हसत होते.

घरी जाऊन मूळ पंचतंत्र उघडलं. ही गोष्ट 'मित्रभेद' या पहिल्या तंत्रात आहे आणि ती सांगतो दमनक नावाचा कोल्हा. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री त्याला तोडायची आहे. ते कसं जमणार, असं त्याचा सोबती करटक विचारतो, तेव्हा तो सशाचा दाखला देतो. म्हणजे 'बुद्धिर्यस्य बलं तस्य' हे वचन इथे एका कपटी मंत्रिपुत्राच्या तोंडी आहे! लहानांना एवढं सगळं सांगायची गरज नाही. पण ससा खोटं का बोलला, त्याची पाळी आली नसती तर तो बोलला असता का, एवढे दोन प्रश्न विचारा आणि थांबा. पाचवी-सहावीच्या मुलांना दमनकही सांगा, त्यांना तो फार आवडतो.