रजेचा अर्ज : तारखा विषयातच घाला

> सर मला ९ ते ११ सुट्टी पाहिजे बहिणीचं लग्न आहे निपाणीला

मजकूर पुरेसा आहे, महिना तेवढा राहिलाय. असं टाइप करा :

दि. २ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
मराठी शाळा, खानापूर, जि. बेळगाव

विषय : दि. ९ ते ११ फेब्रुवारी २०२६ किरकोळ रजा मिळणेबाबत.

महोदय,
बहिणीचा विवाह निपाणी येथे असल्याने वरील तीन दिवसांची रजा मंजूर करावी, ही विनंती. दि. १२ रोजी कामावर हजर होईन.

आपला विश्वासू,
(सही)
नाव, हुद्दा

विषयात तारखा असल्या की कारकुनाला रजा नोंदवताना मजकूर चाळावा लागत नाही. अर्जाची तारीख मात्र रजेच्या आधीचीच हवी. सहीला दोन ओळी मोकळ्या सोडा, नाहीतर ती नावावर चढते.