शब्दचर्चा : रजेवर जाणाऱ्या मॅडमना ‘निरोप’ म्हणावं का?

विचारणारी (जि. प. शाळा, दारव्ह्याकडची) : आमच्या चौथीच्या मॅडम सोमवारपासून बाळंतपणाच्या रजेवर चालल्या. भेटकार्डावर मी लिहिलं, ‘आपणांस भावपूर्ण निरोप. लवकर या.’ हेडसर म्हणाले, हे रिटायरमेंटचं वाटते. मग काय लिहू?

बँकेतले एक : निरोप कायमचाच असतो. तो शब्दच काढा.

निवृत्त केंद्रप्रमुख : कायमचाच कसा? ‘घरी निरोप सांग’ म्हणतोच की. निरोप म्हणजे सांगावा, आणि जायची परवानगीही. खटकतो तो ‘भावपूर्ण’. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ वाचून वाचून डोळ्यांना तशी सवय झाली आहे. ‘रजा’ही मुळात अरबीतला संमतीचा शब्द, म्हणून जुनी माणसं उठताना ‘रजा घेतो’ म्हणत. आणि परत येण्याची खूण हवी तर ती आपल्या दप्तरातच आहे. ‘रुजू’ हा शब्द अरबी ‘रुजूअ’वरून आला, त्याचा अर्थच परतणं. आपण तो पहिल्या दिवशीच्या हजेरीलाही लावून टाकला, ते सोडा.

अंगणवाडी सेविका : रजा किती देऊन राह्यले? माह्या भाचीच्या कंपनीत 26 आठवडे भेटले, त्यातले बाळंतपणाआधी 8 पर्यंतच घेता येतात म्हणे.

विचारणारी : ताई, मॅडमना 180 दिवस मंजूर आहेत. माझा प्रश्न मजकुराचा आहे.

अंगणवाडी सेविका : बरं, मंग मजकुराचंच सांगतो. ‘लवकर या’ खोडा. बाळंतिणीले वाटते, रजा अर्धी टाकून बलावून राह्यले. आमच्याकडं बाई उंबऱ्यावर ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणते. मांगून आपण ‘येजा’ म्हणाचं. अन् बाळाचं नाव-गाव आधी नोका लिहू. ‘हातीपायी सुखरूप सुटा’ एवढंच.

बँकेतले एक : ‘येजा’? कार्डावर? आणि ‘सुटा’ म्हणजे नोकरीतून सुटा असं नाही का वाटणार?

केंद्रप्रमुख : ‘सुटा’बद्दल तुमचं बरोबर आहे. शाळेच्या कागदावर ‘कार्यमुक्त’ असतं, त्याच्या शेजारी ‘सुटा’ नको. ‘सुटका’ लिहा, गोंधळ राहणार नाही. ‘येजा’ मात्र मी ठेवीन. ‘या’ म्हणजे आत्ता, ‘येजा’ म्हणजे पुढं, तुमच्या सवडीनं. एकेरीत ‘येजो’. प्रमाण मराठीत एवढ्या लहान शब्दात हे बसवून दाखवा.

विचारणारी : मग असं लिहिते :

‘मॅडम, हातीपायी सुखरूप सुटका होवो. चौथीचं हजेरीपत्रक आमच्याकडं फक्त ठेवायला दिलंय, असं समजतो. खिडकीजवळची खुर्ची कोणाले देत नाही. सवडीनं येजा.’

बँकेतले एक : ‘कोणाले’ आणि ‘होवो’ एकाच कार्डावर?

अंगणवाडी सेविका : राहू द्या ना. मॅडम दिग्रसच्याच आहेत.

विचारणारी : हेडसर ‘कोणाला’ करा म्हणतात. सही त्यांची वर आहे, बघू.