मदत हवी आहे: 75 टक्के हजेरी असणाऱ्यांनाच प्रमाणपत्र द्यायचंय, पण एका बाईंची हजेरी 10 पैकी 14 येतेय

पानगळ

नमस्कार मंडळी. आम्ही चारपाच जणांनी मिळून गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांतल्या ग्रंथपालांसाठी झूमवर प्रशिक्षण घेतलं. पुस्तकांच्या दाखलनोंदी रजिस्टरातून संगणकावर कशा आणायच्या, हा विषय. दर शनिवारी संध्याकाळी 7 ते 8.30, एकूण 10 सत्रं. नोंदणी 64 जणांची. पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं की किमान 75 टक्के सत्रांना हजर असणाऱ्यालाच प्रमाणपत्र मिळेल.

आता प्रमाणपत्रं काढायला बसलेय आणि डोकं फिरलंय. प्रत्येक सत्राचा झूमचा अहवाल उतरवून घेतला, सगळे एकाखाली एक एका शीटमध्ये चिकटवले आणि `COUNTIF` लावून प्रत्येक नाव किती वेळा येतं ते मोजलं. एका बाईंची हजेरी 14 आली! उलट प्रत्येक शनिवारी मला स्वतः नमस्कार करणाऱ्या एका काकूंची शून्य. त्यातून सहावं सत्र व्याख्यात्यांकडची वीज गेल्यामुळे वीस मिनिटांतच गुंडाळलं होतं. ते धरायचं का? आणि 10 चे 75 टक्के म्हणजे साडेसात. सात धरू की आठ?

कोकणमेवा

प्रमाणपत्रासाठी कॅनव्हात छान छान नमुने आहेत बघा. सोनेरी किनारीचा घ्या, छापल्यावर उठून दिसतो. सही स्कॅन करून पार्श्वभूमी काढून टाका म्हणजे झालं.

पानगळ

ते आहे हो तयार. कोणाला द्यायचं हेच ठरत नाहीये.

हिशेबनीस

14 चं कोडं सोपं आहे. माणूस झूममधून बाहेर पडून परत आला की अहवालात नवी ओळ पडते. गावाकडे रेंज जाते येते, म्हणजे एका संध्याकाळी तीन ओळी सहज. तुम्ही ओळी मोजताय, सत्रं नाही. त्या बाईंच्या एखाद्या सत्राच्या ओळी इथे टाका बघू.

पानगळ

हे चौथं सत्र: 7.02 ते 7.21, मग 7.24 ते 7.50, मग 7.51 ते 8.31. तीन ओळी.

हिशेबनीस

म्हणजे 19, 26 आणि 40. बेरीज 85 मिनिटं, हजेरी एक. असंच सगळीकडे करायचं: आधी व्यक्ती आणि सत्र यांच्या जोडीनुसार मिनिटांची बेरीज, मग ती ठरावीक मिनिटांच्या वर असेल तर 1, नाहीतर 0. टक्केवारी त्या एकांवरून काढायची.

आता शून्यवाल्या काकू. त्या झूमवर कोणत्या नावाने येतात ते बघा. मी पैज लावतो, नाव नसून फोनचं मॉडेल असेल.

पानगळ

जिंकलात. `iPhone`. मुलाचा जुना फोन वापरतात म्हणे. आणि अहवालात ईमेलचा रकाना जवळजवळ रिकामाच आहे, कारण सगळे वॉट्सॅपवर टाकलेल्या लिंकवरून थेट आत यायचे.

तात्या_सरपंच

एवढा खटाटोप कशाला? प्रत्येक सत्राच्या शेवटी गूगल फॉर्म भरून घ्यायचा. आम्ही शेतकरी मेळाव्याला तेच करतो. ज्याने भरला तो हजर, विषय संपला.

हिशेबनीस

तात्या, अर्धं बरोबर आहे. फॉर्ममध्ये नाव नीट येतं, हा मोठा फायदा. पण ती लिंक ग्रुपवर पडली की घरी भाजी निवडत बसलेला माणूससुद्धा हजर होतो. फॉर्म वापरायचाच तर सत्राच्या मध्येच कधीतरी व्याख्यात्याने एक शब्द तोंडी सांगायचा आणि तो फॉर्ममध्ये विचारायचा. तोही कोणीतरी ग्रुपवर टाकतोच, पण वेळेच्या शिक्क्यावरून कोणी रात्री 11 ला भरला ते कळतं. असो, पानगळताईंची सत्रं होऊन गेलीत, त्यांना आता झूमच्याच अहवालावर भागवायचंय.

ताई, असं करा. `log` शीटमधली नावं अजिबात सुधारू नका. उद्या कोणी वाद घातला तर मूळ नोंद जशीच्या तशी दाखवता आली पाहिजे. त्याऐवजी `map` नावाची वेगळी शीट करा: डावीकडे झूमवर दिसलेलं नाव, उजवीकडे नोंदणी क्रमांक. एकाच माणसाची चार नावं असतील तर चार ओळी. मग `log` मध्ये A सत्र, B नाव, C मिनिटं, आणि D मध्ये हे:

```
=IFERROR(VLOOKUP(TRIM(B2),map!A:B,2,FALSE),"नाही")
```

`TRIM` विसरू नका. नावापुढची एक न दिसणारी मोकळी जागा माणसाला गैरहजर करते. आता D मध्ये जिथे "नाही" येईल तेवढ्याच ओळी गाळून बघा आणि `map` वाढवत न्या. 64 जणांचं काम आहे, एका दुपारी होतं.

मग `yadi` शीट. A नोंदणी क्रमांक, B प्रमाणपत्रावर छापायचं नाव (हे नोंदणी अर्जावरूनच घ्या, झूमवरून नको), C ते K ही नऊ सत्रं, पहिल्या ओळीत नुसते आकडे 1, 2, 3 असे 10 पर्यंत, फक्त 6 सोडून. C2 मध्ये:

```
=IF(SUMIFS(log!$C:$C,log!$D:$D,$A2,log!$A:$A,C$1)>=60,1,0)
```

हे आडवं उभं ओढा. L2 मध्ये:

```
=IF(SUM(C2:K2)/COUNT(C$1:K$1)>=0.75,"पात्र","अपात्र")
```

पानगळ

सहावं सत्र तुम्ही परस्पर गाळलंत!

हिशेबनीस

हो, आणि का ते सांगतो. 10 सत्रं धरली तर 75 टक्क्यांना 8 लागतात, कारण 7 म्हणजे 70 टक्केच. 9 धरली तर 7 लागतात, कारण 6 म्हणजे 66.67 आणि 7 म्हणजे 77.78. आता ज्याची दहापैकी आठ भरतात, त्याने सहावं गमावलं तरी सात उरतातच, म्हणजे तो पात्रच राहतो. उलट जो वीज गेली त्या दिवशी नेमका नव्हता पण बाकी सात केलीत, त्याला फायदा होतो. म्हणजे गाळल्याने कोणाचंच नुकसान नाही. प्रत्येक वेळी असं जमेलच असं नाही, आकडे बदलले की परत तपासावं लागतं.

शून्यप्रहर

`ROUND` लावा ना, साडेसातचे आपोआप आठ होतात.

हिशेबनीस

इथे होतात. पण 9 सत्रांना 60 टक्क्यांची अट असती तर 5.4 चे 5 झाले असते, आणि 5 म्हणजे 55.56 टक्के. अटीखालचा माणूस आत. म्हणून किती सत्रं लागतात ते गोल करत बसण्यापेक्षा सरळ भागाकाराची 0.75 शी तुलना केलेली बरी. काठावरचा घोळच होत नाही.

निंबोणी

मी एका महाविद्यालयात कारकून आहे. आमच्याकडे 75 टक्क्यांवरून दर वर्षी रडारड असते, आजारपणाचे दाखले घेऊन पालक दारात. तुम्ही ही 60 मिनिटांची अट आधी सांगितली होती का? तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये नुसतं "हजर" आहे.

पानगळ

नाही सांगितली. सुचलंच नव्हतं.

निंबोणी

मग जपून. नियम नंतर कडक केला की लोक दुखावतात, आणि बरोबरच दुखावतात. दोन्ही करून बघा: 60 धरून आणि 45 धरून. ज्यांचा निकाल बदलतो तेवढेच पुढ्यात घ्या.

पानगळ

(दोन दिवसांनी) केलं. 14 वाल्या बाईंची खरी हजेरी 9 पैकी 8. `map` मध्ये 64 जणांसाठी 97 ओळी झाल्या! 60 मिनिटं धरली तर 41 पात्र, 45 धरली तर 44. फरक फक्त तिघांचा. तिघेही जिथे उशिरा येणारी एसटी हेच साधन आहे अशा गावांतले, साडेसातच्या सुमारास जोडले जायचे. त्यामुळे 45 ठेवतेय.

पण दोन गोष्टी अडल्यात. एक, `iPhone` नावाचे दोन जण निघाले. काकू आणि आणखी एक गृहस्थ. `map` दोघांना एकच समजतंय.

हिशेबनीस

नुसत्या नावाने ते सुटणार नाही. त्या ओळींचा D हाताने भरा आणि रंग द्या, म्हणजे सूत्र नाही हे लक्षात राहील. कोणती ओळ कोणाची ते चॅटवरून आणि त्यांनाच विचारून. दोघं एकाच वेळी आत असतील तर दोन ओळींच्या वेळा एकमेकींवर चढलेल्या दिसतील, तेवढा धागा आहे. आणि हेच उलट्या बाजूने तपासा: एकाच माणसाच्या एका सत्राच्या बेरजेत 90 च्या बरीच वर मिनिटं दिसली तर तो फोन आणि संगणक दोन्हीवरून आलाय, मिनिटं दोनदा मोजली गेलीत. दोन्हीकडून 25-25 मिनिटं एकाच वेळी असली तर मात्र बेरीज 50 दिसेल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. 45 च्या जरा वर असलेल्यांच्या वेळा डोळ्यांखालून घाला.

पानगळ

घातल्या. असा एकच सापडला, आणि तो तरीही पात्र होता. सुटले.

दुसरी अडचण: एक ताई आमच्या परवानगीने तिसऱ्या सत्रापासून आल्या. त्यांच्या वाट्याची 7 सत्रं, त्यातली 6 केली. 7 पैकी 6 म्हणजे 85 च्या वर, 9 पैकी 6 म्हणजे 67 सुद्धा नाही.

तात्या_सरपंच

द्या हो. तुम्हीच घेतलंत ना त्यांना.

निंबोणी

मी नाही देणार. पहिल्या दोन सत्रांत जे शिकवलं ते त्यांना येतं असं तो कागद म्हणेल. प्रवेश देताना अट सांगायला हवी होती, ती चूक तुमची, पण म्हणून कागद खोटा करायचा?

हिशेबनीस

कागदावरच "9 पैकी 6 सत्रे" असं छापा. खरं म्हणजे सगळ्यांच्याच प्रमाणपत्रावर छापा. आकडा `yadi` मधूनच घ्यायचाय, मेल मर्जला एक रकाना जास्त.

कोकणमेवा

मला एक विचारायचंय. आमच्या वाचनालयातल्या दोघी एकाच फोनवर बसून सत्रं ऐकायच्या. एकीचंच नाव दिसायचं. तुमच्याकडे तसं कोणी असलं तर?

पानगळ

अरे देवा. शून्य हजेरीवाले अजून पाच जण आहेत, त्यातले दोन एकाच गावचे. आता फोन करावा लागणार. प्रमाणपत्रं थांबवते. आधी सगळ्यांना ज्याची त्याची सत्रनिहाय हजेरी पाठवते आणि आठवडाभर हरकती घेते. उशिरा आलेल्या ताईंचं आमच्यातही एकमत नाहीये, शनिवारी बसून ठरवू.

कोकणमेवा

आणि ती सोनेरी किनार?

पानगळ

तीच घेतलीय!