अर्धं चिन्ह म्हणजे एक? तिसरीच्या चित्रालेखावरून वाद

आईची_वही
मुलगी तिसरीत आहे. चाचणीत चित्रालेख आला होता, 'मुले शाळेत कशी येतात'. खाली प्रमाण दिलं होतं: ● = ६ मुले.

पायी ●●●◐
सायकल ●●
बस ●●●●◐
गाडी ◐

तिने पायी १९, बस २५ आणि गाडी १ असं लिहिलं. तिन्हीला शून्य. सायकलचे १२ मात्र बरोबर. म्हणजे सहाचा पाढा येतो, प्रमाणही कळलंय. अपूर्णांक अजून शिकवलेले नाहीत. मग इतक्या लहान मुलांना अर्धी चिन्हं द्यावीतच का? माझं मत, देऊ नयेत.

सरळरेषा
द्यावीत की! अर्धी पोळी, अर्धा तास हे मुलांना शाळेत यायच्या आधीपासून कळतं. त्याला अपूर्णांकाचा धडा कशाला हवा? नियम एका ओळीचा आहे: प्रमाणाला दोनाने भागायचं, येईल ते अर्ध्या चिन्हाचं. तीन पूर्ण म्हणजे १८, अर्ध्याचे ३, झाले २१. पाठ करून घ्या.

खडूधूळ
पाठ करून घेण्याआधी ते १९ नीट बघा. चुकीचं उत्तर कुठून आलं हे इथे स्पष्ट दिसतं. साडेतीन लिहिणाऱ्या मुलाने प्रमाण वाचलेलंच नसतं, नुसती चिन्हं मोजलेली असतात. २४ लिहिणारा अर्ध्यालाही पूर्ण धरतो. १८ लिहिणारा अर्धं सोडून देतो. या मुलीने तीन सक अठरा केलं आणि अर्ध्याचा एक मिळवला. बसला चोवीस अधिक एक, गाडीला नुसता एक. तिन्ही ठिकाणी तोच नियम, कुठेही गडबड नाही. म्हणजे 'अर्धं चिन्ह = १' हे तिने कुठून तरी शिकलंय.

माझा अंदाज सांगते. सरावाची वही काढा आणि आधीच्या चित्रालेखांतलं प्रमाण बघा. बहुतेक सगळीकडे एका चिन्हाला २ असेल.

आईची_वही
काढली वही. चार चित्रालेख आहेत आणि चारांतही प्रमाण २! तुम्हाला कसं कळलं?

खडूधूळ
कारण ही चूक मीच वर्गात बरीच वर्षं पिकवली. सोपं पडेल म्हणून सुरुवात २ ने करायची. तिथे अर्ध्या चिन्हाचा खरोखरच १ होतो. ज्याला 'सहाचा अर्धा, दहाचा अर्धा' हे कळलंय आणि ज्याने 'अर्धं म्हणजे एक' एवढंच धरलंय, दोघांचीही उत्तरं बरोबर येतात. वहीत बरोबरच्या खुणा पडत जातात, बाईंना काही दिसत नाही. प्रमाण बदललं की मग एकदम १९.

त्यामुळे आता मी सुरुवातच ४ किंवा ६ ने करते. चूक असेल तर पहिल्याच दिवशी दिसते.

चंदू_बेचाळीस
आमच्याकडे उलटं झालं. मुलाला चित्रालेख काढायला सांगितला होता, त्याने अर्ध्या चिन्हासाठी एक चाक आणि हँडल असलेली अर्धी सायकल काढली. बाई म्हणाल्या, ही काय मोडकी सायकल? गुण कापले. अर्धी सायकल काढायची तरी कशी, कोणी सांगेल का?

सरळरेषा
धागा वाचण्याबद्दल आहे, काढण्याबद्दल नाही हो.

खडूधूळ
असू दे, मुद्दा जवळचाच आहे. अर्धी सायकल बघून मूल 'एक सायकल, मोडलेली' असंच मोजतं, आणि पुन्हा १ येतो! चिन्ह असं हवं की मधून कापल्यावर दोन्ही भाग सारखे दिसतील. वर्तुळ किंवा चौकोन चांगला. माणसाची आकृती आडवी कापली तर फार वाईट दिसते, आणि मुलं त्यावर हसत बसतात ते वेगळंच.

आकडेकर
सरळरेषा, तुमच्या नियमात मला एक अडचण दिसते. मी कामासाठी असे आलेख करतो. प्रमाण १० असेल आणि खरी संख्या १७ असेल, तर मी दीड चिन्ह काढतो, कारण १७ हे २० पेक्षा १५ ला जवळ. वाचणाऱ्याने तिथे 'बरोबर १५' म्हटलं तर तो चुकला. अर्धं चिन्ह पुष्कळदा 'साधारण अर्धं' असतं.

वरचाच आलेख घ्या. त्यात प्रत्येक संख्या ३ च्या पटीतच येऊ शकते. पायी येणारी २० मुलं असती तर ती पूर्ण आणि अर्ध्या चिन्हांत दाखवताच आली नसती. पेपर काढणाऱ्याने आकडे जुळवून घेतलेले असतात, वर्ग तसा जुळून येत नाही.

सरळरेषा
तिसरीच्या मुलाला 'साधारण' सांगायला लागलात तर त्याची २१ वरची श्रद्धाही जाईल. पुस्तकातल्या आलेखात अर्धं म्हणजे नेमकं अर्धं, एवढं पुरे.

आकडेकर
पुस्तकापुरतं मान्य. पण मग पुस्तकाने तसं लिहावं ना.

खडूधूळ
यावर आमच्या शिक्षकखोलीतही दोन तट आहेत, सोडून देऊ. आईची_वही, तुमच्यासाठी घरचा उपाय सांगते. प्रत्येक पूर्ण वर्तुळात तिला सहा ठिपके काढू द्या, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. मग अर्ध्या वर्तुळात किती ठिपके मावतील ते तिनेच सांगायचं, तुम्ही ३ हा आकडा उच्चारायचा नाही. नंतर चित्र तेच ठेवून फक्त प्रमाण बदला. ६ असताना पायीचे २१, ४ केलं की १४, १० केलं की ३५. चित्र जागचं हललं नाही तरी उत्तर हलतं, हे तिला दिसलं पाहिजे.

एकूण मुलं काढतानाही बघा. तिच्या हिशेबाने ५७ होतात, खरी ६३. सहांचा फरक आला, कारण अर्धी चिन्हं तीन आहेत आणि प्रत्येकात दोन-दोन मुलं हरवली. पायीचं अर्धं बसच्या अर्ध्याला जोडून एक पूर्ण करायला सांगा. साडेदहा चिन्हं होतात. दहा सक साठ आणि उरलेल्या अर्ध्याचे तीन.

आईची_वही
काल रात्री केलं. प्रमाण ४ केल्यावर आधी १३ म्हणाली, अधिक एकची सवय! ठिपके काढल्यावर स्वतःच खोडून १४ केलं. १० ला ठिपके न काढता ३५ सांगितले. मग मी मुद्दाम ५ केलं. बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "आई, हे प्रमाण चुकलंय, अर्धा मुलगा कसा येईल?"

अर्धी चिन्हं देऊच नयेत हे माझं म्हणणं मागे घेते. पण तिन्हीला शून्य हे अजून पटत नाही. चूक एकच होती, ती तीनदा मोजली.

सरळरेषा
उत्तर तीन वेळा चुकलं तर गुण तीन वेळा जाणारच. तपासणाऱ्याने प्रत्येकाच्या डोक्यात शिरायचं का?

खडूधूळ
शिरायला कशाला हवं? १९, २५, १ असे तीन आकडे ओळीने समोर आहेत. मी दोन ठिकाणी निम्मे गुण दिले असते. गाडीला मात्र मीही शून्यच दिलं असतं, तिथे अर्ध्याशिवाय दुसरं काही नव्हतंच.