मदत हवी आहे: सायकलच्या सेलचं कॅप्शन तपासून द्याल का?

चाकधर: नमस्कार मंडळी. दुकानात लहान मुलांच्या आणि मोठ्यांच्या सायकलींवर सेल लावतोय. फोटोखाली टाकायला हे लिहिलंय:

"सगळ्यांसाठी सायकल सेल! साइझ 12 ते 29 इंच. फिटिंग फ्री. वॉरंटीसह."

वाचणाऱ्याला नेमकं कळेल का? काय बदलू?

जुना_मेकॅनिक: "12 ते 29" आधी काढा. मुलांच्या सायकलीचा नंबर चाकाचा असतो: 12, 14, 16, 20, 24. मोठ्यांचं माप मात्र फ्रेमवर ठरतं. 29च्या चाकात 17 इंची फ्रेमही मिळते आणि 21 इंचीही. उंच माणूस नुसतं 29 वाचून आला आणि 17ची घेऊन गेला, तर चार दिवसांत गुडघे दुखतात म्हणून परत येणार.

रेवाची_आई: मुलांसाठी वय लिहा ना. आम्ही पालक वयच सांगतो.

जुना_मेकॅनिक: अंदाजापुरतं ठीक. पण सात वर्षांचं एक मूल 112 सेंमी असतं, दुसरं 128. पहिल्याला 16 बरी, दुसऱ्याला 20. म्हणून उंची लिहा.

घाटवेडा: फ्री फिटिंग म्हणजे सीट लावून देणं. दोन्ही पाय जमिनीला टेकले की झालं.

जुना_मेकॅनिक: नवशिक्या मुलासाठी बरोबर. मोठ्यांना ती सीट फार खाली होते. टाच खालच्या पेडलवर ठेवल्यावर पाय सरळ व्हायला हवा, मग चवड्याने पेडल मारताना गुडघा थोडाच वाकतो. आणि चाकधर, "फिटिंग" वाचून निम्म्या लोकांना खोक्यातली सायकल जोडून देणं वाटतं. तुम्ही काय देताय?

चाकधर: दोन्ही. महिन्याभराने ब्रेकच्या केबल ढिल्या पडतात, त्याही फुकट ताणून देतो.

जुना_मेकॅनिक: मग तेच लिहा की! गिऱ्हाईक त्यासाठीच येईल.

सुमेध_के: माझी चेन गंजली. वॉरंटी आहे म्हणून घेऊन गेलो, तर म्हणाले चेन त्यात येत नाही. हे बरोबर आहे का?

जुना_मेकॅनिक: वॉरंटी बनावटीतल्या दोषाला असते, बहुतेकदा फ्रेम आणि फोर्कला. गंज, झीज, टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर सहसा त्यात धरत नाहीत. म्हणून नुसतं "वॉरंटीसह" लिहिलं की असे वाद होतात. कशावर, किती आणि कंपनीची की दुकानाची, हे लिहा.

चाकधर: आभारी आहे. आता असं केलंय:

"सायकल सेल! मुलांसाठी 12 ते 24 इंची चाकं, उंची सांगा, साइझ आम्ही काढून देतो. मोठ्यांसाठी 15 ते 21 इंची फ्रेम, बसून बघा. जोडणी, सीट-हँडलचं माप आणि महिन्याभराने केबल ताणणं मोफत. फ्रेम-फोर्कला कंपनीची वॉरंटी, मुदत प्रत्येक सायकलच्या चिठ्ठीवर."

रेवाची_आई: मुदत चिठ्ठीवर का? इथेच लिहा.

चाकधर: प्रत्येक कंपनीची वेगळी आहे हो. सगळ्या लिहिल्या तर कॅप्शन लांबेल, सगळ्यात कमी लिहिली तर चांगल्या सायकलींवर अन्याय. कोणी असं लिहिलंय का?