मदत हवी आहे : 'एकेश्वरवाद मुळातच हिंसक' हा दावा कसा तपासायचा?

नमस्कार मंडळी. अलिबागच्या वाचनगटासाठी निबंध लिहितोय, पण एका जागी अडलोय.

जर्मन इजिप्ततज्ज्ञ यान आसमान यांच्या मते 'खरा धर्म–खोटा धर्म' ही फारकत एकेश्वरवादाने आणली आणि तिच्यातूनच असहिष्णुता आली. पुरावा बायबलातच आहे. त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात, दुसऱ्या देवाकडे ओढणाऱ्या सख्ख्या भावालाही दगडांनी ठेचून मारा, असं सांगितलंय.

आता आमचे शनवार तेली, म्हणजे कोकणातले यहुदी, बेने इस्रायल. त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातला 'शेमा', म्हणजे देव एकच असल्याचं सांगणारी प्रार्थना, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला, शनिवारी घाणा बंद ठेवला, आणि शेजारच्या देवळाला कधी हात लावला नाही. पण हे प्रतिउदाहरण कच्चं वाटतं, कारण त्यांच्या हाती सत्ता होतीच कुठे? सत्ता होती ती रेवदंड्याच्या पोर्तुगीजांकडे. पण १५६० साली गोव्यात आलेल्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, छुपे यहुदी म्हणून पकडलेले लोकही एकाच देवाला मानणारे होते!

म्हणजे हिंसेचं मूळ देवाच्या संख्येत की राजसत्तेत? एकेश्वरवादी, सत्ताधारी आणि तरीही इतरांच्या पूजेत न पडणारं राज्य कोकणात कुणाला ठाऊक आहे का? जंजिऱ्याचे सिद्दी त्यात बसतात का?