सुटकेस कोणती घ्यावी? चाक कोपऱ्यासकट निघालं (मदत हवी आहे)

दारव्हा_लाइन: महिन्यातून दोनदा बाहेरगावी जावं लागते. दिवाळीत घेतलेली कडक बॉडीची बॅग काल गेली. चाक कोपऱ्याचा टवका घेऊनच निघालं. दुकानदार म्हणतो वॉरंटीत बसत नाही. कोणती घेऊ? गुरुवारी निघायचं आहे.

बडनेरा_जंक्शन: विमानानं की एसटीनं? वजन किती? काहीच सांगितलं नाही भाऊ.

दारव्हा_लाइन: एसटीनं धामणगाव, तिथून रेल्वे. फाट्यापासून घर अर्धा किलोमीटर, मुरूम. बॅग पंधरा किलोची असंन.

रानमाळ: पॉलिकार्बोनेट घ्या, डोळे मिटून. आठ चाकांची. माझी सहा वर्षं झाली, ओरखडा नाही.

बडनेरा_जंक्शन: तुमची विमानतळाच्या फरशीवर चालते राजेहो! मुरमावर आठ चाकं म्हणजे आठ ठिकाणी खडा.

चेनवाला_यवतमाळ: बॅगाच दुरुस्त करतो, म्हणून सांगतो. टवका उडाला म्हणजे बॉडी बहुतेक एबीएसची. ते कडक असते, धक्का बसला की चाकापाशीच तडकते. पॉलिप्रॉपिलीन दबते आणि परत वर येते. दुकानात झाकणावर अंगठा दाबून पाहा, आतलं लेबलही वाचा. पॉलिकार्बोनेटच्या नावाखाली एबीएस मिसळलेलं बरंच विकलं जाते.

मग आतल्या अस्तराची चेन उघडा. चाकाच्या मागं स्क्रू दिसले तर चाक बदलता येते. रिव्हेट असली तर ड्रिल मारून काढावी लागते. मुरमासाठी दोनच चाकांची घ्या, चाकं बॉडीत अर्धी बुडालेली. ओढतानी तिरकी धरावी लागते, पण खडा लागला तरी अडत नाही.

रानमाळ: आणि चेन धातूचीच हवी.

चेनवाला_यवतमाळ: नाही. धातूचा एक दात गेला की चेन गेली. नायलॉनची चेन रनरच्या मागून उघडत असंन तर बहुतेक रनर झिजलेला असते. पक्कडीनं दोन्ही बाजू हलक्या दाबल्या तर त्या दिवसाचं भागते, नंतर रनर बदला.

मायाताई_पुसद: माझ्या मुलीला पुण्याच्या होस्टेलसाठी हवी आहे. नंबरचं कुलूप विसरलं तर काय करायचं?

बडनेरा_जंक्शन: ताई, वेगळा धागा काढा नं.

दारव्हा_लाइन: कंपनी सांगा नं कोणी. सर्व्हिस कुठं मिळते?

चेनवाला_यवतमाळ: व्हीआयपी, सफारी, अमेरिकन टुरिस्टर या तिघांचीही सर्व्हिस आहे. पण तालुक्याच्या दुकानात आधी विचारा, बॅग ते पाठवतात की तुम्हीच नागपूरला न्यायची? बिल आणि शिक्का मारलेलं कार्ड जपा. वॉरंटी बनावटीच्या दोषाला असते, आपटण्याला नाही. म्हणून तुमचं चाक त्यात बसलं नाही.

रानमाळ: आपटलं हे कशावरून? कोपराच पातळ असंन तर तो बनावटीचाच दोष.

चेनवाला_यवतमाळ: असू शकते. फोटो टाका, तडा स्क्रूच्या भोकापासून निघाला का ते पाहू.

दारव्हा_लाइन: फोटो कुठून टाकू, टवका एसटीच्या डिक्कीतच राहिला.